दुसऱ्या दुकानाचा पहिला ताळेबंद

किराणा दुकानातून निवृत्त झालेल्या वडिलांना मुलाने कळवलं, की नव्या शाखेत पहिल्याच वर्षी १,८२,००० रुपये तोटा आला, ती बंद करावी. वडिलांनी उत्तरात उपदेश केला नाही, हिशेबच मांडला.

रंगकाम, पाटी, उद्घाटनाची जाहिरात आणि अंदाज चुकल्याने मुदत संपलेला माल मिळून १,१०,००० रुपये गेले होते. हा खर्च दरवर्षी होत नाही. खरा धंद्याचा तोटा उरला ७२,०००.

मग त्यांनी महिन्यांकडे बोट दाखवलं. भाडं, पगार आणि वीज मिळून महिन्याला ४८,००० लागतात. मालावर सरासरी १२ टक्के सुटतात, म्हणजे ४ लाखांच्या विक्रीला खर्च भागतो. पहिल्या तिमाहीत विक्री महिन्याला सरासरी २,८०,००० होती, शेवटच्या तिमाहीत ४,१०,०००. वर्षाच्या एका आकड्यात ही चढण दिसतच नाही, आणि पत्रातला सर्वांत मोलाचा मुद्दा हाच.

मात्र त्यांनी आशाही फुगवली नाही. जुन्या दुकानाची गिऱ्हाइकं नव्याकडे वळली असतील, तर ती वाढ नव्हे. म्हणून दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघ, असं त्यांनी लिहिलं. विक्री उधारीवर वाढली असेल, तर वसुली तपास. सणासुदीचा महिना मागच्या महिन्याशी नको, गेल्या वर्षीच्या त्याच सणाशी ताड. आणि पुढचे सहा महिने विक्री ४ लाखांखालीच राहिली, तर भाडेकराराचं नूतनीकरण करू नकोस, असंही त्यांनी स्पष्ट बजावलं.