रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

समजा, पाणी भरायला रोज किती मिनिटं लागतात, असं पाच घरांना विचारलं. तिघांनी १०, २०, १५ सांगितलं. चौथ्या घरी प्रश्न विचारायचाच राहिला, म्हणून रकाना रिकामा. पाचव्या घरच्या बाईंना अंदाज सांगता आला नाही, म्हणून फॉर्मवर ठरल्याप्रमाणे ९९ लिहिलं. स्प्रेडशीट रिकामा रकाना सोडून देते, पण ९९ ही खरी मिनिटं समजते. सरासरी येते ३६! दोन्हीकडे शून्य भरलं तर ९. खरी तीन उत्तरं मात्र १५ सांगतात.

‘माहीत नाही’साठी -९९ सारखा आकडा घ्यावा, कारण ९९ मिनिटं खरोखर लागू शकतात. मूळ शीट जशीच्या तशी ठेवून तिच्या प्रतीत हे संकेतांक पुसावेत.

दुसरी चूक सहज दिसत नाही. कोणी ‘१५ मि.’ असं टाइप केलं की तो मजकूर होतो आणि सरासरीतून गुपचूप गळतो. तो असा सापडतो:

```
=COUNTA(B2:B6)-COUNT(B2:B6)
```

उत्तर शून्य नसेल, तर तेवढ्या रकान्यांत आकड्याऐवजी भलतंच काही आहे. तिथे मूळ फॉर्म काढून पाहावा. अंदाजाने दुरुस्ती करू नये. आणि अहवालात ‘सरासरी १५ मिनिटं, पाचपैकी तीन घरं’ असंच लिहावं.