एका पुसल्या गेलेल्या डेटाबेसचा अहवाल

31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅब या कंपनीतल्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर फोल्डर पुसण्याची आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आले आणि त्याने ती थांबवली, पण तोवर मुख्य डेटाबेसमधली सुमारे 300 जीबी माहिती गेली होती. जगभरचे प्रोग्रॅमर ज्या संकेतस्थळावर आपला कोड ठेवतात, ते पुढचे सुमारे अठरा तास बंद राहिले. 10 फेब्रुवारीला कंपनीने या घटनेचा अहवाल सर्वांसाठी खुला केला. त्यात त्या अभियंत्याचे नाव नाही. 

नाव टाळल्यामुळे अहवाल मिळमिळीत झाला असेल, असे कुणाला वाटेल. प्रत्यक्षात कोणत्या क्षणी कोणती आज्ञा दिली, ती का दिली, समोर काय दिसत होते, हे सगळे त्यात उघडपणे लिहिले आहे. म्हणूनच व्यवस्थापनाला घटनेचा सारांश कसा द्यावा, हे शिकायला हे उदाहरण फार उपयोगी पडते. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत अशा कागदाला ‘आरसीए’ म्हणतात. सेवा बंद पडली की ‘संध्याकाळपर्यंत आरसीए पाठवा’ असा निरोप येतो आणि लिहिणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. त्या कागदाला चारच प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात: काय झाले, कुणाला किती फटका बसला, का झाले, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वेळेच्या क्रमाने आणि थोडक्यात द्यावे. गिटलॅबच्या बाबतीत त्या संध्याकाळी स्पॅममुळे डेटाबेसवरचा ताण वाढला होता. मुख्य सर्व्हरवरची प्रत्येक नोंद दुय्यम सर्व्हरवर उतरवली जात असे. ताणामुळे दुय्यम सर्व्हर मागे पडला, आणि त्याने उतरवून घेण्याआधीच मुख्य सर्व्हरने त्या नोंदी काढून टाकल्या. आता दुय्यम सर्व्हर रिकामा करून सगळी प्रत नव्याने घ्यायला हवी होती. ते करणारे `pg_basebackup` हे साधन काहीच न बोलता थांबून राहत होते. खरे तर मुख्य सर्व्हरची तयारी होईपर्यंत ते वाट पाहते. मात्र ही गोष्ट कंपनीच्या कार्यपद्धतीत कुठेच लिहिलेली नव्हती. आधीच्या प्रयत्नातल्या अर्धवट फाइली आड येत असाव्यात, असे अभियंत्याला वाटले. त्या काढायला तो गेला, पण आज्ञा दुय्यमऐवजी मुख्य सर्व्हरवर चालली. तेव्हा जागतिक प्रमाणवेळेनुसार रात्रीचे साडेअकरा होत आले होते, म्हणजे भारतात पहाटेचे पाच.

इथे लिहिणाऱ्याची पहिली कसोटी लागते. ‘डेटाबेस डिलीट झाला’ असे लिहिले तर कृतीच झाकली जाते आणि वाचणाऱ्याला संशय येतो. ‘अमुकने निष्काळजीपणे डेटाबेस डिलीट केला’ असे लिहिले तर शोध तिथेच संपतो. ‘दुय्यम सर्व्हर रिकामा करण्यासाठी ऑन-कॉल अभियंत्याने दिलेली आज्ञा मुख्य सर्व्हरवर चालली’ हे वाक्य मात्र कृती, हेतू आणि परिणाम तिन्ही सांगते. व्यक्तीच्या नावाऐवजी तिची भूमिका लिहावी, आणि ‘दुर्लक्ष’, ‘बेफिकिरी’, ‘साधी गोष्ट होती’ असले निकाल देणारे शब्द गाळावेत. ते शब्द नंतर सुचतात. त्या क्षणी, पडद्यासमोर, ती गोष्ट साधी नसते.

फटका किती बसला, हे आकड्यांत लिहायचे आणि त्या आकड्यांची हद्दही सांगायची. 31 जानेवारीला प्रमाणवेळेनुसार संध्याकाळी 5.20 ते मध्यरात्री 12 या काळात डेटाबेसमध्ये झालेले बदल गेले. कंपनीच्या अंदाजाने त्याची झळ सुमारे 5,000 प्रकल्प, 5,000 टिप्पण्या आणि 700 नव्या खात्यांना बसली. लोकांचा कोड वेगळ्या जागी साठवलेला असल्याने तो गेला नाही, फक्त संकेतस्थळ बंद असेपर्यंत मिळत नव्हता. हे शेवटचे वाक्य फार मोलाचे आहे. संचालकाला पहिला फोन ग्राहकाचा येतो आणि ग्राहक एकच विचारतो: ‘आमचं काय गेलं?’ काय गेले याइतकेच काय गेले नाही, हेही सारांशात हवे. आकडा अंदाजाचा असेल तर ‘अंदाजे’ असे लिहावे. नंतर मागे घ्यावा लागणारा नेमका आकडा अंदाजापेक्षा जास्त नुकसान करतो.

कारणाचा भाग मात्र सावकाश वाचण्यासारखा आहे. गिटलॅबने ओळीने ‘का?’ विचारत जाण्याची पद्धत वापरली आणि दोन प्रश्न वेगळे ठेवले: संकेतस्थळ का बंद पडले, आणि परत यायला इतका वेळ का लागला. पहिल्याचे उत्तर चुकलेल्या आज्ञेपाशी सुरू होते, पण तिथे थांबत नाही. आज्ञा का द्यावी लागली? प्रत घेणे थांबले म्हणून. ते का थांबले? ताण वाढला म्हणून. ताण का वाढला? एक कारण स्पॅम. दुसरे असे, की त्याच वेळी कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याचे खाते, त्याच्या सगळ्या माहितीसकट, पुसले जात होते. कुणीतरी खोडसाळपणे त्याच्याविरुद्ध तक्रार नोंदवली होती, आणि तक्रारी तपासायच्या पडद्यावर हे खाते कुणाचे आहे, ते सहज नजरेतून सुटत होते.

दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे अधिक हादरवणारी आहेत. दर चोवीस तासांनी `pg_dump` या साधनाने बॅकअप घेतला जाऊन अॅमेझॉनच्या साठवणीत जात असे, अशी समजूत होती. पाहिले तर तिथे काहीच नव्हते. डेटाबेस 9.6 आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारे साधन 9.2 चे. त्यामुळे ते दर वेळी चूक दाखवून बंद पडत होते. त्याची सूचना ईमेलने जात होती, पण त्या ईमेलवर आवश्यक ती डिजिटल सही नसल्याने समोरचा मेल सर्व्हर त्या नाकारत होता. डिस्कच्या प्रती घेण्याची सोय डेटाबेस सर्व्हरवर सुरूच केलेली नव्हती, कारण बाकीचे बॅकअप पुरेसे आहेत असे धरले होते. त्याच अभियंत्याने वेगळ्या कामासाठी सुमारे सहा तास आधी हाताने एक प्रत घेतली होती, तीच शेवटी कामी आली. ती चाचणीच्या संथ यंत्रांवर होती, म्हणून परत आणायला इतके तास गेले.

मग शेवटचा ‘का?’ येतो: बॅकअप परत आणता येतो का, हे नियमित तपासले का जात नव्हते? अहवालाचे उत्तर असे, की हे काम कुणाच्याच नावावर नव्हते.

ही सगळी साखळी नाव शोधणाऱ्या चौकशीत हाती लागली नसती. अभियंत्याला काढून टाकले असते तरी दुसऱ्या दिवशी बॅकअप रिकामाच राहिला असता आणि कुणाला कळलेही नसते. शिवाय, आज्ञा कुठे दिली आणि काय समजून दिली, हे त्या एकाच माणसाला ठाऊक असते. शिक्षेची भीती असेल तर तो तेवढेच सांगत नाही. विमान अपघातांच्या तपासात हे तत्त्व जुने आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमावलीचे तेरावे परिशिष्ट सांगते, की तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे, दोष किंवा दायित्व ठरवणे हा नाही.

कारण नीट शोधले आहे की नाही, हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे. त्या खुर्चीवर तितकाच जाणकार दुसरा माणूस बसवून पाहावा. त्याच वेळी, त्याच दोन सारख्या दिसणाऱ्या खिडक्यांसमोर, त्याच अर्धवट सूचनांसह त्याच्याकडूनही तसेच होऊ शकले असते का? उत्तर ‘हो’ असेल तर ‘मानवी चूक’ हे कारण नव्हे, तिथून पुढे शोधायला हवे.

प्रतिबंधाच्या भागात बहुतेक सारांश ढासळतात. ‘यापुढे अधिक काळजी घेतली जाईल’ आणि ‘कर्मचाऱ्यांना सूचना दिल्या आहेत’ ही दोन वाक्ये जवळजवळ प्रत्येक कागदात सापडतात, आणि त्यांनी काहीच बदलत नाही. गिटलॅबने ठरवलेले उपाय वेगळ्या जातीचे होते. कोणत्या सर्व्हरवर आहोत हे आज्ञा टाइप करायच्या ओळीवरच ठळक दिसावे. बॅकअप आपोआप परत आणून तपासला जावा. बॅकअप झाला नाही तर देखरेखीच्या पडद्यावर दिसावे. माहिती टिकवण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे असावी. यातला प्रत्येक उपाय थकलेल्या, घाईतल्या माणसालाही तारतो.

त्याच वर्षी 28 फेब्रुवारीला अॅमेझॉनची एस-थ्री ही साठवण सेवा उत्तर व्हर्जिनियात काही तास कोलमडली. तिथेही परवानगी असलेल्या कर्मचाऱ्याने ठरलेल्या पद्धतीनुसार आज्ञा दिली होती, पण तिच्यातला एक भाग चुकीचा टाइप झाला आणि हवे त्यापेक्षा जास्त सर्व्हर काढले गेले. कंपनीने सर्व्हर काढण्याचे साधनच बदलले. ते आता सर्व्हर हळूहळू काढते, आणि ठराविक किमान क्षमतेच्या खाली जाऊ देत नाही.

गिटलॅबच्या घटनेचा सारांश व्यवस्थापनाला एका पानात द्यायचा असता, तर तो साधारण असा झाला असता:

> 31 जानेवारीच्या रात्री दुय्यम डेटाबेस दुरुस्त करताना रिकामा करण्याची आज्ञा मुख्य सर्व्हरवर चालली. सेवा सुमारे 18 तास बंद होती.
>
> सहा तासांहून अधिक काळातले बदल परत मिळणार नाहीत. अंदाजे 5,000 प्रकल्प, 5,000 टिप्पण्या व 700 नवी खाती यांवर परिणाम. ग्राहकांचा कोड सुरक्षित.
>
> दोन्ही सर्व्हर पडद्यावर सारखेच दिसत होते आणि दुरुस्तीची पद्धत अपुरी लिहिलेली होती. रोजचा बॅकअप आवृत्तीतल्या फरकामुळे होत नव्हता, त्याची सूचना पोहोचत नव्हती आणि तपासणी कुणाकडेही सोपवलेली नव्हती.
>
> सर्व्हरची ओळख ठळक करणे, बॅकअप परत आणून पाहण्याची स्वयंचलित चाचणी, बंद पडल्यास इशारा, आणि या सगळ्याला एक जबाबदार व्यक्ती. प्रत्येक कामापुढे नाव व तारीख.

माणसांची नावे येतात ती फक्त शेवटच्या परिच्छेदात, पुढच्या कामाची जबाबदारी म्हणून. मुद्दाम केलेली नासधूस किंवा चोरी असेल तर हा साचा चालत नाही. तो विषय शिस्तभंगाच्या स्वतंत्र चौकशीकडे जातो, आणि तो या कागदात मिसळू नये. मिसळला, की पुढच्या घटनेत कुणी खरे सांगायला पुढे येत नाही.

सारांश पाठवल्यानंतर त्याच कागदावर आणखी एक तारीख टाकावी: दोन-तीन महिन्यांनंतरच्या आढाव्याची. त्या दिवशी उपायांची यादी उघडायची आणि एकच काम करून बघायचे. कालचा बॅकअप रिकाम्या यंत्रावर परत आणून त्यातल्या नोंदी मोजायच्या.