जनित्रातला शून्याचा क्षण

दहावीच्या उजळणीत जनित्राचा एक प्रश्न मुलांना हमखास चकवतो. कुंडलातून सर्वाधिक बलरेषा जात असतात त्या क्षणी प्रवर्तित विद्युतधारा किती असते? बरीच मुले ‘सर्वाधिक’ लिहून मोकळी होतात. उत्तर आहे शून्य.

बलरेषा चुंबकाबाहेर उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे जातात, एकमेकींना छेदत नाहीत आणि जिथे दाट असतात तिथे क्षेत्र जोरदार असते, हे पाठ असतेच. घोळ होतो तो पुढे. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये तारेच्या वेटोळ्यात चुंबक सारला तेव्हा गॅल्व्हॅनोमीटरचा काटा हलला. चुंबक आत स्थिर राहिला की काटा शून्यावर आला. तेव्हाही बलरेषा वेटोळ्यातून जातच होत्या, फक्त त्यांची संख्या बदलत नव्हती. धारा या बदलामुळे निर्माण होते. बदल जितका झपाट्याने, तितके विभवांतर जास्त.

आता दोन ध्रुवांमध्ये आयताकृती कुंडल फिरवू. त्याचे प्रतल बलरेषांना लंब असते तेव्हा सर्वाधिक रेषा त्यातून जातात; पण त्या क्षणी कुंडलाच्या दोन्ही लांब बाजू बलरेषांना समांतर सरकत असतात, त्यामुळे एकही रेषा कापली जात नाही. पाव फेरीनंतर प्रतल रेषांना समांतर होते. आता कुंडलातून एकही रेषा जात नाही, मात्र बाजू रेषांना काटकोनात कापत असतात आणि धारा कमाल होते.

आकड्यांत पाहू. १०० वेढ्यांचे कुंडल, क्षेत्रफळ ०.०१ चौरस मीटर, क्षेत्र ०.१ टेस्ला, वेग सेकंदाला ५० फेऱ्या. प्रत्येक वेढ्यातला प्रवाह पाव फेरीत, म्हणजे ०.००५ सेकंदात, ०.००१ वेबरवरून शून्यावर येतो. ०.००१ ला ०.००५ ने भागून १०० ने गुणले की सरासरी २० व्होल्ट मिळतात. कमाल विभवांतर अर्थात याहून जास्त, सुमारे ३१.४ व्होल्ट. वेग निम्मा केला तर दोन्ही आकडे निम्मे होतात.

शून्याचा क्षण ओलांडला की प्रत्येक बाजूची हालचाल उलट दिशेने होते आणि धाराही उलटते. कुंडलाची दोन टोके दोन अखंड कड्यांना जोडलेली असतात आणि प्रत्येक कार्बन ब्रश आपल्याच कडीवर घासत राहतो. म्हणून बाहेरही प्रत्यावर्ती धाराच मिळते. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणजे १०० वेळा दिशा बदलते.

अखंड कड्यांऐवजी एकच दुभंगलेली कडी बसवली तर ब्रश नेमके या शून्याच्या क्षणी एका अर्ध्यावरून दुसऱ्या अर्ध्यावर जातात. कुंडलातली धारा उलटते आणि जोडणीही उलटते, त्यामुळे बाहेर दिशा तीच राहते. हे दिष्ट जनित्र झाले. पण त्याचा आलेख सरळ रेषा नसतो, प्रत्येक अर्ध्या फेरीला तो शून्याला टेकून वर चढतो. सरळ रेषा काढली तर आलेखाचा गुण हुकलाच म्हणायचा.