बाजारभावाच्या अ‍ॅपसाठी भांडवल मागताना

कल्याणच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत मुरबाड-शहापूरकडचा भाजीपाला येतो. तिथला पहाटेचा भाव शेतकऱ्याला मोबाईलवर कळवणारे अ‍ॅप काढायचे आणि त्यासाठी ठाणे-डोंबिवलीतल्या एखाद्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे भांडवल मागायचे, तर बोलणी पाच मिनिटांत उरकतात. त्याचे प्रश्न दोनच: वापरतो कोण आणि महिन्याला खर्च किती?

'शेतकऱ्याला जास्त भाव मिळेल' असे वचन देऊ नये. २००७ साली रॉयटर्सने महाराष्ट्रात मोबाईल मेसेजवर बाजारभाव देण्याची वर्गणीची सेवा सुरू केली होती. राज्यातल्या शंभर गावांत तिची पाहणी झाली. २०१२ मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या भावात म्हणावा असा फरक आढळला नाही. शिवाय पणन मंडळाचे भाव फुकट पाहता येतात. पण त्यात दिवसाचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असतो. मेथीची जुडी केवढी, माल ओला की सुका, हे त्यावरून कळत नाही. माल कल्याणला न्यावा की वाशीला, हे गाडी भरण्याआधी ठरवायला मदत होते, एवढेच सांगावे. तेवढे पुरेसे आहे.

आता ग्राहक. समजा, दोनशे जणांनी अ‍ॅप घेतले. हा आकडा भांडवलदारापुढे मिरवू नये, कारण फुकटची वस्तू कोणीही घेतो. चौथ्या आठवड्यातही रोज भाव पाहणारे किती आणि शंभर रुपये वर्गणी खिशातून काढणारे किती, ते सांगावे. समजा, असे साठ निघाले. त्यांच्या पावत्या सोबत न्याव्यात.

खर्चात संगणकाचे भाडे किरकोळ असते, खरा खर्च माणसांचा. बाजारात पहाटे उभे राहून भाव टिपणाऱ्या दोन मुलांना मिळून १२,००० रुपये, त्यांचे येणे-जाणे १,५००, संगणकाचे भाडे १,५००, असे दरमहा १५,००० होतात. ग्राहकाला रोज दोन मेसेज, वीस पैशांप्रमाणे महिन्याला १२ रुपये. (मेसेज पाठवण्याआधी दूरसंचार नियमांनुसार नाव आणि मजकुराचा नमुना नोंदवावा लागतो. नोंद नसेल तर मेसेज अडतात.) म्हणजे प्रत्येक ग्राहकामागे ८८ रुपये उरतात. साठांचे ५,२८० झाले, तूट ९,७२० राहिली. सहा महिन्यांची तूट ५८,३२० रुपये. मागणी तेवढीच करावी, आणि १७१ ग्राहकांवर खर्च भागेल हेही सांगावे. हे आकडे मासल्याचे आहेत, आपापले दर विचारून घालावेत.

एक मुलगा आजारी पडला तर त्या दिवशी भाव कोण टिपणार, हे भांडवलदार विचारणारच. त्या दिवशी कालचाच भाव आजचा म्हणून गेला, तर ग्राहक दुसऱ्या महिन्याला वर्गणी देत नाही.

रक्कम व्याजाने न घेता शिरकतीवर घ्यायची असेल तर नफ्यातला वाटा आधीच लिहून ठेवावा, आणि नुकसान ज्याच्या-त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात, हेही त्याच कागदावर यावे.