किल्लीनिहाय क्रम आणि समांतर प्रक्रिया : एका पार्टिशनच्या आतील प्रश्न

संगणकांच्या विखुरलेल्या व्यवस्थेत ‘आधी’ आणि ‘नंतर’ या शब्दांना सार्वत्रिक अर्थ नसतो, ही गोष्ट लेस्ली लँपोर्ट यांनी १९७८ सालच्या आपल्या निबंधात स्पष्ट केली. अशा व्यवस्थेतील घटनांमध्ये जो क्रम असतो तो अंशतः असतो. काही घटनांची जोडी क्रमाने बांधलेली असते, काहींची नसते. संदेशांच्या रांगेचा विचार करताना हाच भेद निर्णायक ठरतो. एखाद्या बँकेतील एका खात्याची मर्यादा प्रथम ३० हजार आणि मग ५० हजार करण्यात आली, तर हे दोन संदेश त्याच क्रमाने अमलात आले पाहिजेत. परंतु एका खात्याचा संदेश दुसऱ्या खात्याच्या संदेशाच्या आधी आला की नंतर, याला बहुधा काही महत्त्व नसते. जो क्रम आवश्यक आहे तो किल्लीनिहाय आहे, आणि येथे किल्ली म्हणजे खातेक्रमांक होय.

लिंक्डइन या संस्थेत निर्माण झालेली आणि २०११ साली सर्वांसाठी खुली करण्यात आलेली काफ्का ही प्रणाली या गरजेची पूर्ती पार्टिशनच्या योगाने करते. प्रत्येक विषयाची रांग ठरावीक संख्येच्या पार्टिशनांत विभागलेली असते. संदेशाच्या किल्लीवरून मर्मर२ या रीतीने हॅश-संख्या काढली जाते, तिला पार्टिशनांच्या संख्येने भागले जाते आणि बाकी उरेल त्या क्रमांकाच्या पार्टिशनात संदेश जातो. एका खात्याचे सर्व संदेश त्यामुळे एकाच पार्टिशनात, आलेल्या क्रमाने, साठतात. प्रत्येकाला तेथे एक वाढता क्रमांक मिळतो. त्याला ऑफसेट म्हणतात. एका गटातील कन्झ्युमरांपैकी एकालाच एक पार्टिशन नेमून दिले जाते, आणि तो संदेश एकामागून एक हाताळतो. अशा रीतीने क्रम आपोआप राखला जातो.

क्रमाची अनावश्यक किंमत

परंतु ही व्यवस्था मागितल्यापेक्षा अधिक क्रम देते. एका पार्टिशनात हजारो खाती असतात, आणि त्यांचे परस्परांशी काही नाते नसूनही ती एकाच ओळीत उभी राहतात. पार्टिशने १२ आहेत आणि प्रत्येक संदेशाला दूरच्या सेवेकडून उत्तर येईपर्यंत ४० मिलिसेकंद लागतात, असे धरले, तर एका पार्टिशनातून सेकंदाला २५ आणि एकंदरीत ३०० संदेश बाहेर पडतील. या वेळात प्रोसेसर जवळजवळ रिकामाच असतो. सारा काळ वाट पाहण्यात जातो. सेकंदाला २,००० संदेश येत असतील तर किमान ८० पार्टिशने लागतील.

पार्टिशनांची संख्या चालत्या व्यवस्थेत वाढवणे हा सरळ दिसणारा उपाय धोक्याचा आहे. भाजक बदलताच बाकी बदलते. आजवर पार्टिशन ३ मध्ये जाणारे खाते उद्या पार्टिशन ५१ मध्ये जाऊ शकते. त्याचे जुने संदेश ३ मध्ये अद्याप पडून असतील आणि नवे ५१ मधून लगेच उचलले जातील, तर ज्या क्रमासाठी किल्ली निवडली तोच त्या संक्रमणाच्या काळात मोडेल. म्हणून एका पार्टिशनच्या आतच, किल्लीनुसार, समांतर काम करणे हा मार्ग विचारात घ्यावा लागतो.

उपरांगा आणि हॅशचा एक सापळा

या रीतीत कन्झ्युमरचा एक थ्रेड फक्त संदेश आणतो आणि त्यांना किल्लीनुसार अनेक उपरांगांत टाकतो. प्रत्येक उपरांगेमागे एकच थ्रेड काम करतो. एका खात्याचे संदेश सदैव एकाच उपरांगेत जात असल्यामुळे त्यांचा क्रम टिकतो, आणि वेगवेगळ्या उपरांगा एकाच वेळी चालतात. प्रत्येक पार्टिशनला १६ उपरांगा दिल्या तर वरील उदाहरणात १९२ थ्रेड सेकंदाला ४,८०० संदेशांपर्यंत पोहोचू शकतील. एका खात्याचा वेग मात्र सेकंदाला २५ च्या पलीकडे जाणार नाही. ती मर्यादा क्रमाच्या अटीतूनच येते आणि कोणत्याही योजनेने दूर होत नाही.

उपरांग निवडताना तीच हॅश-संख्या पुन्हा वापरण्याचा मोह होतो:

```
partition = h mod 12
lane      = h mod 16
```

हे सूत्र निर्दोष वाटते, पण तसे नाही. पार्टिशन ३ मध्ये आलेल्या प्रत्येक किल्लीची `h` ही १२ ने भागल्यास बाकी ३ उरणारी संख्या आहे. १२ आणि १६ यांचा मसावि ४ असल्यामुळे अशा प्रत्येक संख्येस ४ ने भागले तरी बाकी ३ च उरते. परिणामी तिला १६ ने भागल्यावर बाकी ३, ७, ११ किंवा १५ एवढीच येऊ शकते. सोळांपैकी बारा उपरांगा कायम रिकाम्या राहतात आणि अपेक्षित वेगाचा चौथा हिस्साच हाती लागतो. उपरांगाही १२ ठेवल्या असत्या तर सर्व संदेश एकाच उपरांगेत गेले असते. भागाकार घेऊन मग बाकी काढली की हा दोष जातो:

```
lane = (h div 12) mod 16
```

प्रगतीची खूण एकच संख्या असते

खरी अडचण याच्या पुढे आहे. कन्झ्युमर आपली प्रगती ब्रोकरकडे एका संख्येने नोंदवतो; ती संख्या म्हणजे पुढे वाचावयाच्या संदेशाचा ऑफसेट होय. काम क्रमवार असताना ही संख्या सर्व काही सांगते, कारण तिच्या मागचे सारे झालेले आणि पुढचे सारे व्हावयाचे असते. समांतर कामात हे सत्य उरत नाही.

पार्टिशन ३ मधील २०० ते २०७ हे आठ संदेश घ्यावेत. त्यांपैकी २००, २०२ आणि २०५ हे खाते अ चे. २०१ आणि २०४ हे ब चे. २०३ आणि २०७ हे क चे. आणि २०६ हा ड चा आहे. संदेश २०२ दूरच्या सेवेत अडकला आहे. २०५ त्याच खात्याचा असल्यामुळे त्याच्या मागे थांबला आहे. उरलेले सहा पूर्ण झाले आहेत. आता ब्रोकरकडे कोणती संख्या नोंदवावी?

सर्वांत पुढे पूर्ण झालेला संदेश २०७ म्हणून २०८ नोंदवले आणि त्याच क्षणी यंत्र बंद पडले, तर पुन्हा सुरू झालेला कन्झ्युमर २०८ पासून वाचील. २०२ आणि २०५ कायमचे राहून जातील. या चुकीचे वैशिष्ट्य असे की ती कोणत्याही मोजमापात दिसत नाही. लॅग, म्हणजे वाचावयाचे शिल्लक राहिलेले संदेश, शून्य दिसतो आणि खाते अ मात्र चुकीचे असते. म्हणून नोंदवावयाची संख्या ही सर्वांत लहान अपूर्ण ऑफसेटच असली पाहिजे. येथे ती २०२ आहे. यासाठी हाती घेतलेल्या ऑफसेटांची एक क्रमबद्ध यादी ठेवावी लागते, आणि तिच्या आरंभापासून सलग पूर्ण झालेला भाग तेवढा पुढे सरकवावा लागतो.

या नियमाने संदेश हरवत नाहीत, पण त्यांची पुनरावृत्ती होते. यंत्र बंद पडल्यास २०२ पासून वाचन सुरू होईल आणि २०३, २०४, २०६ व २०७ पुन्हा अमलात येतील. खाते क च्या दृष्टीने घटनांची मालिका २०३, २०७, २०३, २०७ अशी होईल. समजा, २०३ ने मर्यादा ३० हजार आणि २०७ ने ती ५० हजार केली होती. पुनरारंभानंतर काही काळ ५० हजारांची मर्यादा पुन्हा ३० हजारांवर येईल, आणि तेवढ्या अवधीत एखादा योग्य व्यवहार नाकारला जाईल. उपरांगांनी जपलेला क्रम पुनरावृत्तीच्या वाटेने असा मोडतो.

यावर उपाय प्रगतीची खूण परिणामाजवळच ठेवणे हा आहे. खात्याच्या नोंदीतच त्यावर शेवटी अमलात आलेला क्रमांक लिहावा, आणि बदल व क्रमांक एकाच व्यवहारात, एकाच अटीवर, लिहिले जावेत:

```sql
UPDATE account
SET credit_limit = 50000, last_seq = 207
WHERE id = 'क' AND last_seq < 207;
```

आता पुन्हा आलेला २०३ कोणतीही नोंद बदलत नाही. येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. ऑफसेटची तुलना एकाच पार्टिशनच्या आत अर्थपूर्ण असते. पुढेमागे पार्टिशनांची संख्या बदलण्याचा संभव असेल, तर प्रत्येक खात्यासाठी संदेश पाठवणाऱ्यानेच स्वतःचा वाढता क्रमांक घालून देणे श्रेयस्कर. ग्राहकाला एसएमएस पाठवण्यासारखी कृती डेटाबेसच्या व्यवहारात सामावत नाही, आणि तिची पुनरावृत्ती या उपायाने पूर्णपणे टळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

अडथळा आणि हस्तांतर

संदेश २०२ दीर्घकाळ अडकून राहिला, तर नोंदवलेली संख्या तेथेच थांबते, मागे अपूर्ण-पूर्ण संदेशांची यादी वाढत जाते आणि पुनरारंभी पुन्हा करावयाचे काम तिच्यासह वाढते. पूर्ण झालेल्या संदेशांची संख्या वाढत आहे पण नोंदवलेला ऑफसेट हलत नाही, हे या स्थितीचे लक्षण होय. यादीला, उदाहरणार्थ १,००० संदेशांची, कमाल मर्यादा घालावी आणि ती गाठताच `pause()` ने त्या पार्टिशनचे वाचन थांबवावे. `poll()` मात्र चालूच ठेवावे. `max.poll.interval.ms` चे मूळ मूल्य ५ मिनिटांचे आहे, आणि तेवढ्यात पुढील `poll()` झाले नाही तर कन्झ्युमर गटाबाहेर पडतो. संदेश सदोष असल्याने तो बाजूला काढावयाचे ठरले, तर त्या खात्याचे पुढचे सर्व संदेशही त्याच्या मागोमाग बाजूला गेले पाहिजेत. एकटा २०२ वगळून २०५ अमलात आणणे म्हणजे क्रम मोडणेच होय.

पार्टिशन एका कन्झ्युमरकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हाही हाच प्रश्न उभा राहतो. जुन्याचे थ्रेड काम करीत असतानाच नव्याने वाचन आरंभले, तर एकाच खात्यावर दोन हात चालू लागतात. `onPartitionsRevoked` या टप्प्यात चालू कामे संपवून, सलग पूर्ण झालेला ऑफसेट नोंदवून, मगच पार्टिशन सोडावे. गटाबाहेर टाकल्या गेलेल्या कन्झ्युमरला ही संधी मिळेलच असे नाही. तेथे पुन्हा क्रमांकाची अटच खात्याचे रक्षण करते.

प्रगतीच्या खुणेचा हा प्रश्न अन्यत्र निराळ्या रीतीने सोडवलेला आढळतो. कॉन्फ्लुएंटच्या पॅरलल कन्झ्युमर या ग्रंथालयात अपूर्ण ऑफसेटांची सांकेतिक यादी नोंदीसोबतच्या मजकुरात ठेवली जाते, आणि म्हणून पुनरावृत्ती कमी होते. पण या मजकुराला ब्रोकरची मूळ मर्यादा ४,०९६ बाइटांची असते. पल्सार या प्रणालीत किल्लीनिहाय वाटप आणि प्रत्येक संदेशाची स्वतंत्र पोच या दोन्ही सोयी अंगभूत आहेत. तथापि काम पूर्ण होणे आणि पोच नोंदवली जाणे यांच्यामध्ये यंत्र बंद पडण्याइतकी फट या साऱ्या पद्धतींत राहतेच. तात्पर्य, किल्लीनिहाय क्रमाची अखेरची हमी रांगेत नसते. रांग पुनरावृत्ती विरळ करू शकते, पण जुन्या संदेशाला नव्या स्थितीवर मात करू न देण्याचे काम, जेथे परिणाम घडतो त्या नोंदीनेच करावयाचे असते.