न झालेल्या घटना मोजता येतात का?

बारावी कॉमर्सच्या सरावपत्रिकेत असे दोन प्रश्न शेजारी-शेजारी आले आहेत असं समजू. पहिला : चाचणीत दहा प्रश्न आहेत, प्रत्येकाला चार पर्याय, विद्यार्थी निव्वळ अंदाजाने खुणा करतो, तर एकही उत्तर बरोबर न येण्याची संभाव्यता किती? दुसरा : एका कार्यालयात मिनिटाला सरासरी 2.5 फोन येतात, तर एखाद्या मिनिटात एकही फोन न येण्याची संभाव्यता किती?

सरासरी दोन्हीकडे 2.5 च आहे. दहा प्रश्नांपैकी एक चतुर्थांश, म्हणजे अडीच उत्तरं अंदाजाने जुळतात. उत्तरं मात्र वेगळी येतात. चाचणीला बायनॉमियल वितरण लागतं आणि 0.75 चा दहावा घात 0.0563 येतो. फोनला पॉइसाँ वितरण लागतं आणि e⁻²·⁵ म्हणजे 0.0821 येतं.

कुठे कोणतं लावायचं हे ओळखायला एक प्रश्न पुरतो : न झालेल्या घटना मोजता येतात का? तीन उत्तरं बरोबर आली, तर सात चुकली हे लगेच सांगता येतं. प्रयत्नांची संख्या ठरलेली आहे, प्रत्येक प्रयत्नात यशाची संधी सारखी आहे आणि एका उत्तराचा दुसऱ्यावर परिणाम नाही, हे बायनॉमियल. पण मिनिटात तीन फोन आले, तर न आलेले किती? या प्रश्नाला अर्थच नाही. तिथे हाताशी फक्त सरासरी असते, वरची मर्यादा नसते, ते पॉइसाँ. चाचणीला चुकून पॉइसाँ लावलं, तर दहापैकी अकरा उत्तरं बरोबर येण्यालाही ते थोडी संभाव्यता देऊन टाकतं. तेवढ्यावरूनच निवड चुकल्याचं कळावं.

घोळ होतो तो तिसऱ्या प्रकारच्या प्रश्नात. शंभर बल्बची पेटी, दोन टक्के बल्ब सदोष, तर जास्तीत जास्त एक सदोष असण्याची संभाव्यता काढा. इथे न बिघडलेले बल्ब मोजता येतात, तरी उत्तरसूचीत पॉइसाँ दिसतं. कारण बायनॉमियलने 0.4033 येतं आणि पॉइसाँने 0.4060, हिशोब मात्र पॉइसाँचा सोपा. प्रयत्न खूप आणि यशाची संधी अगदी लहान असेल, तर ही सूट चालते. बायनॉमियलचं विचरण np(1−p) असतं, पॉइसाँचं सरासरीएवढंच. बल्बच्या बाबतीत 1.96 आणि 2, म्हणजे जवळपास एकच. चाचणीच्या बाबतीत 1.875 आणि 2.5, तिथे ही सूट घेता येत नाही.

आता उत्तर तपासायचं. कोणतीही संभाव्यता शून्य ते एकच्या बाहेर जाता कामा नये, हे सगळ्यांना माहीत असतं; पण तेवढ्याने सगळ्या चुका सापडत नाहीत. बल्बच्याच गणितात P(2) काढताना छेदातला 2! लिहायचा राहिला, तर 0.5413 येतं. आकडा एकपेक्षा कमी, म्हणून शंकाही येत नाही. अशा वेळी लागोपाठच्या दोन संभाव्यतांचं गुणोत्तर पाहावं. पॉइसाँमध्ये P(x) वरून P(x+1) वर जाताना m/(x+1) ने गुणलं जातं. सरासरी 2 असेल, तर P(1) वरून P(2) वर जाताना 2/2, म्हणजे एकने गुणायचं. दोन्ही सारख्याच, 0.2707, यायला हव्यात. 0.5413 दिसताच चूक पकडली जाते.

‘किमान दोन’ या शब्दांवरही बरेच जण अडखळतात. एकातून P(0) आणि P(1) वजा करायचे; घाईत P(2) सुद्धा वजा होतो आणि 0.5940 ऐवजी 0.3233 येतं. सरासरीच दोन असताना दोन किंवा जास्त येण्याची संधी एक तृतीयांशाहून कमी? इथेच थांबून पुन्हा पाहावं.

हीच पारख खऱ्या आकड्यांनाही लावता येते. बोर्टकीविच यांनी 1898 च्या पुस्तकात प्रशियन सैन्यातल्या, घोड्याच्या लाथेने झालेल्या मृत्यूंचे आकडे दिले. त्यांतल्या दहा तुकड्यांच्या वीस वर्षांच्या, म्हणजे 200 नोंदींत 122 मृत्यू होते, सरासरी 0.61. पॉइसाँनुसार सुमारे 108.7 नोंदींत एकही मृत्यू नसावा. प्रत्यक्षात अशा 109 होत्या. विचरणही 0.61 च निघतं.

डेंग्यूच्या रुग्णांचं असं होणार नाही. एका घरात रुग्ण सापडला की शेजारीही सापडण्याची शक्यता वाढते, घटना स्वतंत्र राहत नाहीत आणि विचरण सरासरीच्या पुढे जातं. तिथे पॉइसाँचं सूत्र चार दशांश स्थळांपर्यंत नेटकं उत्तर देईल, पण ते उत्तर त्या प्रश्नाचं नसेल.