नोंद पक्की कधी झाली?

महत्त्वाची माहिती एकाच कॉम्प्युटरवर ठेवली, तर तो बंद पडला की सगळंच अडतं. म्हणून तिच्या प्रती तीन किंवा पाच मशीनवर ठेवतात. पण मग पाचही प्रती सारख्या कशा राहणार? एका मशीनपर्यंत संदेश पोचला, दुसऱ्यापर्यंत पोचला नाही, तिसरं मधेच बंद पडून परत सुरू झालं, अशा वेळी खरं कोणाचं मानायचं?

स्टॅनफर्ड विद्यापीठातले डिएगो ओंगारो आणि जॉन ऊस्टरहाउट यांनी २०१४ मध्ये या प्रश्नाचं राफ्ट नावाचं उत्तर प्रसिद्ध केलं. त्याआधी लेस्ली लॅम्पोर्ट यांची पॅक्सॉस ही पद्धत होती, पण ती भल्याभल्यांना समजत नसे. समजायला सोपी पद्धत हवी, हा या दोघांचा उघड हेतू होता. आज कुबरनेटीस आपली सगळी माहिती ज्या etcd मध्ये ठेवतं, ते राफ्टवरच चालतं.

राफ्टमध्ये प्रत्येक मशीनजवळ लॉग असतो. दुकानातल्या रोजकीर्दीसारखा, एकाखाली एक, क्रमांकानं. पाचही मशीनवर तेच व्यवहार त्याच क्रमानं लिहिले गेले, तर बेरीज सगळीकडे एकच येणार. हा क्रम ठरवण्याचा अधिकार एकाच मशीनला असतो. ते लीडर, बाकीचे फॉलोअर.

लीडर ठरतो तो असा. जागेवर असलेला लीडर ठरावीक वेळानं सगळ्यांना ‘मी आहे’ असा छोटा संदेश पाठवत राहतो. याला हार्टबीट म्हणतात. प्रत्येक फॉलोअरकडे वाट पाहण्याची एक मुदत असते. तेवढ्या वेळात हार्टबीट आला नाही, तर लीडर गेला असं धरून तो स्वतः उमेदवार होतो. आपल्याजवळचा टर्मचा आकडा एकानं वाढवतो, स्वतःला मत देतो आणि बाकीच्यांकडे मत मागतो. एका टर्ममध्ये एका मशीनला एकच मत देता येतं, आणि दिलेलं मत डिस्कवर लिहूनच ते उत्तर देतं, म्हणजे मधेच बंद पडून परत आलं तरी दुसऱ्यांदा मत देण्याची चूक होत नाही. पाचांपैकी तीन मतं मिळाली की तो लीडर. तीन-तीन मतांचे दोन गट पाचांत बसतच नाहीत, त्यामुळे एका टर्ममध्ये दोन लीडर होणं शक्य नाही.

पण सगळे एकदमच उमेदवार झाले, तर मतं फुटतील आणि कोणीच निवडून येणार नाही. यावरचा उपाय मला फार आवडतो, कारण तो इतका साधा आहे. प्रत्येक मशीन आपली मुदत दर वेळी चिठ्ठी काढल्यासारखी ठरवतं. मूळ लेखात सुचवलेली मर्यादा १५० ते ३०० मिलिसेकंद आहे. बहुतेक वेळा एकाची मुदत इतरांच्या आधी संपते आणि दुसरे जागे होईपर्यंत ते निवडून आलेलं असतं. फुटलीच मतं, तर पुढच्या टर्ममध्ये पुन्हा निवडणूक.

आता नोंदीकडे येऊ. आपल्या पाच मशीनना क, ख, ग, घ, च म्हणू. लीडर क आहे आणि ग्राहकाची मागणी आली: ‘दर ५० करा’. क ही नोंद आधी स्वतःच्या लॉगमध्ये लिहितो, त्यावर चालू टर्मचा आकडा टाकतो आणि ती चौघांना पाठवतो. सोबत आधीच्या नोंदीचा क्रमांक आणि टर्मही कळवतो. फॉलोअरच्या लॉगमध्ये ती आधीची नोंद जुळली नाही, तर तो नकार देतो. मग लीडर एकेक पाऊल मागे जातो, जिथे जुळतं तिथपासून पुढचं सगळं नव्यानं लिहायला लावतो. जुळलं तर फॉलोअर नोंद डिस्कवर लिहून होकार कळवतो. स्वतः धरून तीन जणांकडे नोंद पोचली की क ती कमिट झाली असं मानतो आणि ग्राहकाला होकार देतो. उरलेले दोघे हळू असले तरी त्यांच्यासाठी थांबायचं कारण नाही.

होकार दिल्या क्षणी क बंद पडला तर? इथे मतदानाची दुसरी अट उपयोगी पडते: उमेदवाराचा लॉग माझ्यापेक्षा मागे असेल, तर मी त्याला मत देणार नाही. ‘मागे’ ठरवताना आधी शेवटच्या नोंदीचा टर्म पाहतात; तो सारखा असेल तर लांबी. नोंद क, ख, ग यांच्याकडे होती. घ उमेदवार झाला, तर त्याला स्वतःचं आणि च चं मत मिळेल, पण ख आणि ग नकार देतील. दोन मतांवर लीडर होता येत नाही. लीडर होणार तो ख किंवा ग, आणि नोंद वाचणार.

तर मग नोंद तिघांकडे पोचली की ती पक्की, असं म्हणता येईल? बहुतेक जण राफ्ट शिकताना इथेच फसतात. असं समजा, टर्म २ मध्ये लीडर असलेल्या क नं ‘दर ५०’ ही नोंद लिहिली, ती फक्त ख पर्यंत पोचली आणि क बंद पडला. ग आणि घ यांच्या मतांवर च टर्म ३ चा लीडर झाला. त्यानं त्याच क्रमांकावर ‘दर ७०’ लिहिलं, पण कोणाला पाठवण्याआधीच तोही बंद पडला. क परत आला, टर्म ४ मध्ये निवडून आला आणि त्यानं जुनी ‘दर ५०’ ची नोंद ग कडे पोचवली. आता ती तिघांकडे आहे. तरीही या घडीला क पुन्हा पडला आणि च परतला, तर च च्या शेवटच्या नोंदीचा टर्म ३ आहे, बाकीच्यांचा त्याहून कमी. ख, ग, घ तिघेही त्याला मत देऊ शकतात, आणि तो ‘दर ५०’ खोडून ‘दर ७०’ लिहू शकतो. क नं ग्राहकाला आधीच होकार दिला असता, तर ते खोटं ठरलं असतं.

म्हणून राफ्टचा नियम असा: लीडर तिघांचं बहुमत मोजतो ते फक्त स्वतःच्या चालू टर्ममधल्या नोंदीसाठी. क नं टर्म ४ ची एक नवी नोंद लिहिली आणि ती ख, ग पर्यंत पोचली, की ती पक्की होते आणि तिच्याआधीच्या सगळ्या नोंदीही तिच्यासोबत पक्क्या होतात. आता च आला तरी ख आणि ग त्याला मत देणार नाहीत, कारण त्यांच्याकडे टर्म ४ आहे. ग्राहकाची मागणी येईपर्यंत ताटकळावं लागू नये, म्हणून नवा लीडर सहसा आल्या आल्या एक रिकामी नोंद लिहून टाकतो.

या सगळ्याची किंमतही आहे. पाचांपैकी तीन मशीन बंद पडली, तर उरलेली दोन काहीच कमिट करत नाहीत. चुकीचं उत्तर देण्यापेक्षा गप्प राहणं राफ्ट पसंत करतो. रोजच्या कामात मात्र जास्त त्रास देते ती हळू डिस्क. etcd मध्ये हार्टबीट दर १०० मिलिसेकंदांनी जातो आणि वाट पाहण्याची मुदत १००० मिलिसेकंद असते, निदान मूळ सेटिंगमध्ये. नोंद डिस्कवर उतरायलाच लीडरला वेळ लागू लागला, की हार्टबीट रखडतात, फॉलोअर उमेदवार होतात आणि धडधाकट लीडरची जागा जाते. माहिती हरवत नाही, पण दर निवडणुकीला नवं लिखाण थांबतं. असा संशय आला की `etcd_server_leader_changes_seen_total` हा आकडा बघतात. तो सारखा वाढत असेल, तर नेटवर्कइतकीच डिस्कही तपासावी, आणि त्यासाठी `etcd_disk_wal_fsync_duration_seconds` पाहावं.